बॅग रिकामी, लुंगी ओली

मे महिन्यातला रविवार, दुपारचे अडीच. औशाकडच्या एका गावातून फोन आला. "सिस्टर, आप्पांच्या पिशवीत सकाळपासून काहीच नाही. पण लघवी बाहेरून यायलीय, लुंगी दोनदा बदलली. म्हणजे लघवी सुरूच हाय की. मग पिशवीत का नाही?"

आप्पांना लघवीची नळी लावलेली, लघवी तिच्यातून बॅगेत उतरते. मुलगा शहाणा, बापाची सेवा मनापासून करणारा. पण त्याने उलटीच समजूत करून घेतली होती. लघवी नळीच्या बाजूने यायला लागली की घरच्यांना हायसं वाटतं, "चला, येतीय ना!" म्हणतात. ज्यांच्या घरी नळी लावलेला म्हातारा माणूस आहे, त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: बॅग रिकामी आणि लुंगी ओली असेल तर नळी तुंबली आहे असं धरूनच चाला. चोवीस वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. आता निवृत्तीनंतर घरोघरी जाऊन ड्रेसिंग, नळ्या, सुया बघते. त्यात हा प्रकार इतक्यांदा पाहिलाय की तो नीट उलगडून सांगावासा वाटला.

आधी नळी आत कशी बसते ते बघू, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. तिला फोलीज कॅथेटर म्हणतात. फोली नावाच्या अमेरिकन मूत्रतज्ज्ञाने १९३० च्या दशकात ती आणली, म्हणून तिला त्याचं नाव. एका नळीत दोन मार्ग असतात. मोठ्या मार्गातून लघवी वाहते. दुसरा केसासारखा बारीक मार्ग फुग्याकडे जातो. नळी मूत्राशयात पोचली की त्या बारीक मार्गातून साधारण दहा मिली निर्जंतुक पाणी भरतात आणि आत सुपारीपेक्षा थोडा मोठा फुगा होतो. नळी बाहेर सटकत नाही ती या फुग्यामुळे. फुग्याच्या वर, नळीच्या टोकाला, दोन छोटी छिद्रं असतात. आम्ही त्यांना डोळे म्हणतो. लघवी तिथूनच आत शिरते. म्हणजे अख्खा खेळ त्या दोन डोळ्यांवर चालतो. डोळे बुजले की मूत्राशय भरतच जातं, ताणतं, कळ मारून आकुंचन पावतं आणि लघवी नळीच्या कडेने वाट काढते. लुंगी ओली होते ती अशी. मूत्राशय रिकामं झालेलं नसतं, काठोकाठ भरून सांडत असतं. ओढ्याच्या मोरीत पाला अडकला की पाणी रस्त्यावरून वाहतं, पण म्हणून मोरी मोकळी झाली असं कोणी म्हणत नाही.

आता आप्पांचं सांगते. वय अठ्ठ्याहत्तर, प्रोस्टेटची गाठ वाढलेली. एकदा लघवी पूर्ण अडली म्हणून सोळा नंबरच्या जाडीची नळी घातली. हृदयाच्या त्रासामुळे रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणून ऑपरेशन डॉक्टरांनी पुढे ढकललेलं. घरात मुलगा, सून आणि नववीतला नातू. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा सुनेला एक वही करायला लावली होती. वेळ, किती मिली, रंग, एवढेच तीन रकाने. फोनवर तिला ती वही वाचायला सांगितली.

रात्री दहा ते सकाळी सहा: पाचशे मिली, पिवळी. सहा ते दहा: एकशे साठ. दहानंतर एक वाजेपर्यंत: तीस मिली, गढूळ. पुढे काहीच नाही.

तीन रकान्यांतच सगळं आलं होतं. साठ किलोच्या माणसाची मूत्रपिंडं तासाला अंदाजे पन्नास-साठ मिली लघवी करतात, चहाच्या अर्ध्या कपाएवढी. कमी पाणी प्यायलं तर कमी, पण तासाला तीसच्या खाली गेलं की चौकशी करायची. दहा ते अडीच म्हणजे साडेचार तास, तेव्हा बॅगेत किमान एकशे पस्तीस मिली तरी हवी होती. आहेत तीस. बाकीची कुठे गेली? थोडी लुंगीत आणि उरलेली आत.

मी मुलाला विचारलं, "पाणी पाजलंस का?"

"दोन तांबे पाजले की. म्हटलं जोर लागला तर सुटंल."

ही दुसरी हमखास होणारी चूक. एरवी नळी असलेल्या माणसाने पाणी भरपूर प्यायलाच हवं. पण तुंबल्याची शंका आली की पाणी पाजून तुंबण सुटत नाही. बाहेर जायला वाट नसलेल्या मडक्यात आपण आणखी ओतत असतो. घसा ओला राहील इतकं घोटभर चालेल, जास्त नको.

मग फोनवरच तपासणी करून घेतली, खालून वर. म्हणजे बॅगेपासून सुरू करून पोटापर्यंत. हा क्रम मी सगळ्यांना शिकवते. कारण निम्म्या वेळा दोष नळीच्या डोळ्यात नसतोच, बाहेर कुठेतरी असतो आणि तो घरी सुटतो. पहिलं, बॅग. ती तुडुंब भरलीय का? भरलेल्या बॅगेत लघवी उतरत नाही. दुसरं, बॅग कंबरेच्या खाली आहे ना? कोणी उचलून अंथरुणावर तर ठेवली नाही? तिसरं, बॅगेची लांब नळी. ती कुठे मुडपलीय का, खाली लोंबकळून तिला झोळ पडलाय का? झोळात लघवी साचून राहते आणि पुढची अडते. चौथं, मांडी. आप्पा नळीवरच तर झोपले नाहीत? लुंगीची गाठ, पायजम्याची नाडी नळीवर आवळली नाही ना? पाचवं, संडास शेवटचा कधी झाला?

पाचव्या प्रश्नाला मुलगा थबकला. "चार दिवस झाले बहुतेक."

कडक मळाने भरलेलं आतडं मूत्राशयाच्या मागेच असतं. ते नळीवर दाब देतं आणि लघवी अडते. म्हणून ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रात्री इसबगोल, याचा संबंध लघवीच्या नळीशीही आहे. पण आप्पांचं एवढ्यावर सुटणारं वाटत नव्हतं, कारण गढूळ लघवी आणि हळूहळू कमी होत गेलेला आकडा. अचानक मुडपलेली नळी एकदम बंद होते. आतून बुजत आलेली नळी आधी कमी होते, मग थांबते.

शेवटी पोट. मुलाला सांगितलं, हात स्वच्छ धू आणि बेंबीच्या खाली ओटीपोटावर अलगद तळवा ठेव. दाबू नको. "टणक लागतंय सिस्टर, कलिंगडासारखं. आप्पा हात झटकायलेत." पाठीमागून आप्पांचा आवाज ऐकू येत होता. ते कोणावर तरी ओरडत होते, उठून बसायला बघत होते. सुनेने सांगितलं, मामंजींना घाम फुटलाय आणि सकाळपासून उगीच चिडतायत. म्हाताऱ्या माणसाला, विशेषतः पक्षाघात झालेल्याला किंवा विसर पडायला लागलेल्याला, ओटीपोटात दुखतंय असं सांगता येत नाही. तो नुसता अस्वस्थ होतो, अंथरुण चिवडतो, असंबद्ध बोलतो, नळी ओढतो. घरचे म्हणतात, आज डोकं फिरलंय. आधी बॅग बघा.

नळी सरळ, बॅग खाली, पोट टणक, लघवी नाही. आता घरी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाहेरचं सगळं तपासून, कुशीवर वळवून, चार पावलं चालवूनही अर्ध्या तासात थेंब आला नाही तर निघायचंच. पोटात कळा असतील तर अर्धा तासही थांबू नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. निघण्यापूर्वी ज्या दवाखान्यात जायचं तिथे फोन करून विचारा की सोळा नंबरची नळी आणि ती बदलणारा माणूस आत्ता आहे का. रविवारी दुपारी हा प्रश्न फार मोलाचा ठरतो.

जाईपर्यंत काय करायचं नाही तेही सांगते, कारण शेजारचे सल्ले द्यायला टपलेले असतात. नळी ओढायची नाही. आत फुगा फुगलेला असतो. तो तसाच ओढून काढला तर मूत्रमार्ग फाटतो, रक्त थांबता थांबत नाही आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारूच नका. नळी कापायची नाही. सिरिंजने नळाचं किंवा बिसलरीचं पाणी आत मारायचं नाही. नळी धुणं ही गोष्ट आहे, पण ती निर्जंतुक सलाइनने, निर्जंतुक सिरिंजने, ज्याला समोर बसवून शिकवलंय त्यानेच आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हाच करायची. जोर लावून तर कधीच नाही.

आप्पांना चार वाजता दवाखान्यात नेलं. फुग्यातलं पाणी काढून जुनी नळी बाहेर काढली, नवी घातली, आणि साडेसहाशे मिली लघवी सरकन उतरली. मुलगा सांगत होता, आप्पांनी डोळे मिटले आणि दोन मिनिटांत झोपी गेले. डॉक्टरांनी दोन-तीन तास थांबवून घेतलं. बराच वेळ तुंबलेलं सुटलं की कधी कधी पुढचे काही तास लघवी फारच जास्त होते, कधी थोडं रक्त दिसतं, ते बघायला. जुन्या नळीच्या टोकाला पांढरा, चुन्यासारखा खरखरीत थर होता. एक डोळा पूर्ण बुजलेला, दुसऱ्याची नुसती फट उरलेली.

हा थर बघून मुलगा म्हणाला, "आमच्या बोअरचं पाणीच जड हाय, भांड्यावर बी असाच थर बसतो." मराठवाड्यात हे सगळ्यांनाच पटतं, कारण आपल्या घरातल्या हिटरची कॉइल अशीच पांढरी होते. पण नळीवरचा थर बोअरच्या पाण्यामुळे बसत नाही. नळीवर काही जंतू वस्ती करतात. ते लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतात, त्यामुळे लघवी आम्लधर्मी राहत नाही, अल्कधर्मी होते. तशा लघवीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट विरघळून राहत नाहीत, त्यांचे खडे बनून नळीला चिकटतात. तेव्हा फिल्टर बसवून हा प्रश्न सुटत नाही. लघवी पातळ राहील इतकं पाणी दिवसभर विभागून पिणं, त्यात लिंबू पिळून घेतलं तर चांगलंच, आणि नळी वेळेवर बदलणं, हे दोन उपाय कामाचे. पाणी किती? बहुतेकांना दिवसाला दोन ते अडीच लिटर. पण हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी दिलेली मर्यादाच पाळायची. आप्पांना दोन लिटर सांगितलं होतं.

नळी वेळेवर बदलण्यातच घोडं अडलं होतं. आप्पांची नळी साध्या रबराची, म्हणजे लेटेक्सची होती. ती जास्तीत जास्त चार आठवडे ठेवतात. पूर्ण सिलिकॉनची नळी महाग, पण तिला बारा आठवड्यांपर्यंत मुदत असते. आप्पांची चौतिसाव्या दिवशी तुंबली. दवाखान्यातून घरी सोडताना "महिन्याने या" सांगितलेलं. पेरणीपूर्व कामं, भाचीचं लग्न यात ते राहून गेलं. कोणाला बोल लावायचा? आता त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नळी घातल्याची तारीख लाल शाईने आहे आणि बदलायच्या तारखेला गोल. काहींची नळी मुदतीआधीच, दोन-तीन आठवड्यांतच तुंबते. अशा माणसाचा स्वतःचा हिशेब असतो. दोन-तीन वेळच्या तारखा वहीत असल्या की डॉक्टर तो हिशेब मांडून आधीच बदलतात.

आणखी एक पेटी घरात ठेवायला सांगते. स्टीलच्या डब्यात त्याच नंबरची एक सीलबंद नळी, एक नवी युरोबॅग, दहा मिलीच्या दोन सिरिंज, निर्जंतुक पाण्याची कुपी आणि जेलीची ट्यूब. ती घरच्यांनी वापरायची नाही, रात्री-अपरात्री ज्या दवाखान्यात जाल तिथे हातात द्यायची. छोट्या गावात डॉक्टर असतो पण सोळा नंबरची नळी नसते, असं बऱ्याचदा होतं.

आता रोजचं काम. बॅग रिकामी करणं सोपं वाटतं, पण जंतू आत शिरायचा मोठा रस्ता तोच. दोन लिटरची बॅग अर्धी ते दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. त्याहून जड झाली की ती नळीला आणि नळी आतल्या फुग्याला ओढते. भरो न भरो, आठ तासांत एकदा तरी. आप्पांच्या घरी सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशा वेळा ठरल्यात आणि मध्ये जड वाटली तर एकदा. आधी साबणाने हात धुवायचे, बोटांच्या बेचक्यांसह. मापाचा मोठा मग फक्त यासाठीच, त्यावर मार्करने लिहून ठेवा, नाहीतर कोणीतरी तो न्हाणीघरात नेतो. बॅगेच्या खालच्या तोटीखाली मग धरायचा, पण तोटी मगाला टेकवायची नाही. खटका उघडायचा, सगळी लघवी उतरू द्यायची, खटका बंद करायचा, तोटीचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. मगातला आकडा वाचून वहीत लिहायचा. बॅगेवरच्या रेघांवर विसंबू नका, लटकलेल्या बॅगेत त्या नीट दिसत नाहीत. लघवी संडासात ओतायची, मग धुऊन उन्हात उपडा ठेवायचा आणि पुन्हा हात धुवायचे.

खटका बंद करायचं विसरलात तर काय होतं, ते आप्पांच्या घरच्या फरशीला विचारा.

नळी आणि बॅग जिथे जोडलेली असते तो सांधा मात्र रोज उघडायचा नाही. तो बंद आहे तोवर आतला रस्ता बाहेरच्या हवेपासून तुटलेला राहतो. बॅग बदलायची पाच ते सात दिवसांनी, किंवा गळायला लागली, घाण वास यायला लागला तर आधी. तेव्हा हात धुऊन नळी दोन बोटांत चिमटून धरायची, सांधा सोडवायचा, नळीचं तोंड स्पिरिटने पुसायचं, नव्या बॅगेच्या टोकाचं झाकण शेवटच्या क्षणी काढून टोकाला बोट न लावता घट्ट बसवायचं आणि चिमटा सोडायचा. जुनी बॅग धुऊन परत वापरताना मी पाहिलंय. पैशाची चणचण समजते, पण ही बॅग एकदाच वापरायची आहे. तिच्या कोपऱ्यांत साबणाचं पाणी पोचत नाही.

बॅग टांगण्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच असतो. आपली माणसं जमिनीवर गादी टाकून झोपतात. मग बॅग मूत्राशयाच्या खाली न्यायची कुठे? आप्पा वर्षानुवर्षं सोप्यात जमिनीवरच झोपायचे. त्यांना बाजेवर आणायला आठवडा गेला. बाज किंवा पलंग असेल तर बॅग त्याच्या कडेच्या खालच्या लाकडाला टांगायची, डोक्याच्या बाजूला नाही, मांडीच्या रेषेत. जमिनीला टेकता कामा नये. टेकत असेल तर खाली स्वच्छ टब ठेवा, बॅग त्यात लोंबू द्या. बाजेशिवाय पर्यायच नसेल तर निदान दोन गाद्या एकावर एक टाकून बाजूला टब. लघवी उताराने वाहते, तिला पंप नसतो. उतार जेमतेम असला की ती नळीतच रेंगाळते.

एसटीने जाताना लोक बॅग पिशवीत घालून मांडीवर घेतात, लाज वाटते म्हणून. तसं तासभर बसलं की उलटा उतार होतो. बॅगेच्या तोंडाशी लघवी मागे न जाऊ देणारा पडदा असतो, पण तो लांब नळीतल्या लघवीला काही करू शकत नाही. कापडी पिशवीत घालून पायाशी, सीटच्या खाली अडकवा. मोटारसायकलवर न्यायचं असेल तर आधी बॅग रिकामी करा आणि ती गुडघ्याच्या खाली बांधा. संडासला बसतानाही बॅग कंबरेच्या वर उचलायची नाही.

नळी मांडीला चिकटपट्टीने बांधलेली असावी, मांडीच्या वरच्या भागाला किंवा ओटीपोटाला, थोडी ढील ठेवून. पाय सरळ केला तर ओढ बसू नये. पुरुषांत ही ओढ फार नुकसान करते. रोज एकाच जागी ताण पडला की लिंगाच्या तोंडाची खालची बाजू हळूहळू कापली जाते. कळतही नाही आणि ते पुन्हा जुळत नाही. चिकटपट्टी एक-दोन दिवसांनी मांडी बदलून लावा.

स्वच्छतेचं सांगताना आवाज खाली जातो. सासऱ्याची ती जागा सुनेने धुवायची कशी? आप्पांच्या घरी हे मुलानेच करायचं ठरलं आणि महिन्याभरात आप्पांनी आरसा घेऊन स्वतः करायला सुरुवात केली. ज्याचे हात चालतात त्याने स्वतः केलं तर सगळ्यांचीच सोय. सकाळी आणि रात्री, शिवाय संडास झाल्यावर, साध्या अंगाच्या साबणाने आणि कोमट पाण्याने. लिंगाच्या पुढची कातडी हळूच मागे घ्यायची, नळी जिथून आत जाते ती जागा धुवायची. मग एका हाताने नळी तिथेच घट्ट धरून, दुसऱ्या हातातल्या ओल्या कापडाने शरीराकडून बाहेरच्या दिशेने चार-पाच बोटं नळी पुसायची. उलटं नाही, नाहीतर आपणच घाण आत ढकलतो. कोरड्या स्वच्छ कापडाने टिपायचं. आणि मागे घेतलेली कातडी पुन्हा पुढे आणायची. ही गोष्ट विसरली तर ती कातडी मागेच फास बसल्यासारखी अडकते, पुढचा भाग सुजतो आणि काही तासांत डॉक्टरांकडे धावावं लागतं. सून, मुलगा, नर्स, कोणीही धुतलं तरी शेवटी हे बघायचंच. डेटॉल, सॅव्हलॉन, टाल्कम पावडर, कसलंही मलम लावायची गरज नाही. त्याने कातडी सोलवटते आणि जंतू कमी होत नाहीत.

काळजीचा दुसरा भाग म्हणजे तापाचा. नळी महिनाभर राहिली की लघवीत जंतू सापडणारच. म्हणून नुसती लघवी गढूळ आहे, वास मारतेय, म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देऊ नका. आधी पाणी वाढवा आणि बॅग कधी बदलली ते बघा. थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत दुखू लागलं, माणूस एकाएकी भ्रमल्यासारखा बोलायला लागला, रक्ताच्या गाठी दिसल्या, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. रक्ताच्या गाठीही नळी बुजवतात. एखादे दिवशी बॅग चक्क जांभळी दिसली तर घाबरून जाऊ नका. बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांत काही जंतू लघवीतल्या एका पदार्थापासून निळा आणि लाल रंग बनवतात, प्लास्टिक त्या रंगाने माखतं. डॉक्टरांना दाखवा, पण करणी-भानामती म्हणून उतारा टाकायला निघू नका. एका घरी तो टाकलेला मी पाहिलाय.

आता परत रिकाम्या बॅगेकडे. आषाढी एकादशीला आप्पांच्या सुनेचा फोन आला. आप्पांनी निर्जळी धरली होती, कोणाचंही ऐकलं नव्हतं. सकाळी सहा ते दुपारी दोन, बॅगेत नव्वद मिली, कोऱ्या चहासारखी गडद. यावेळी तिनेच खालून वर सगळं तपासून मग फोन केला होता. "नळी सरळ हाय. संडास सकाळी झालाय. ओटीपोट मऊ लागतंय, दुखत नाही म्हणतात. आणि लुंगी कोरडी हाय."

मऊ पोट आणि कोरडी लुंगी. ही बॅग रिकामी आहे कारण आत लघवी तयारच होत नव्हती. इथे पाणी पाजायचंच. मी आप्पांना फोनवर घेतलं, विठ्ठलाने नळी घातलेल्याला सूट दिलीय म्हटलं. दर अर्ध्या तासाने अर्धा पेला लिंबूपाणी सुरू केलं. साडेपाचपर्यंत दोनशे मिली उतरली, रंग फिकट झाला. दोन-तीन तासांत काही उतरली नसती, किंवा आप्पा निपचित पडले असते, तर तेव्हाही दवाखानाच गाठायला सांगितला असता. पाणी पिऊनही लघवी होत नसेल तर गोष्ट मूत्रपिंडाची असू शकते.

तिसरी एक शक्यता गोंधळ घालते. लुंगी ओली आहे, पण बॅगही नेहमीसारखी भरतेय. तेव्हा नळी तुंबलेली नाही. मूत्राशयाला नळी आणि फुगा खुपतो, ते मधूनच आवळतं आणि थोडी लघवी कडेने निसटते. पोटात एकदम कळ येते आणि जाते. त्यावर गोळ्या आहेत, डॉक्टर देतात. पण गळते म्हणून अधिक जाड नळी घालून घेऊ नका. जाड नळीने खुपणं वाढतं आणि गळणंही.

पुढच्या वेळी मी गेले तेव्हा वही चाळली. सुनेने मला न विचारताच चौथा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं "लुंगी", आणि खाली ओळीने कोरडी, कोरडी, कोरडी, ओली पण पिशवी भरली, कोरडी.